स्कॅन कशासाठी, आणि नाहीच झालं तर

हिराताई वाघमारेंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून एक पाटी उतरवत होत्या. पाटीवर लिहिलं होतं, "शांतता राखा. अन्यथा बाहेर काढले जाईल." पुण्यात अशी पाटी लावणं हे पुण्यकर्म समजतात. मी हिंगोलीहून नुकताच आलेला, हातात पिशवी, खांद्यावर सॅक, आणि पाटीवरचा दम वाचून आधीच अर्धमेला झालेला. ताईंनी ती काढली आणि तिथे खडूने लिहिलं, "पलीकडच्या टेबलावरच्या मुलीची उद्या परीक्षा आहे." मग खाली उतरून मला म्हणाल्या, "नाव सांग. आणि दार हळू लाव, कारण आता तुला माहीत आहे."

मी ते दार पुढची कित्येक वर्षं हळू लावत आलो. तिथली सगळी मुलं हळू लावायची. पलीकडच्या टेबलावर रोज कुणाची ना कुणाची उद्या परीक्षा असायचीच.

ही कर्वेनगरमधली ज्ञानवर्धक मंडळाची अभ्यासिका. खाली कार्यालय आणि पुस्तकांच्या देवघेवीचं छोटं ग्रंथालय, वरच्या मजल्यावर लांबच लांब हॉल, लाकडी टेबलं, कुरकुरणारे पंखे. ग्रंथपाल म्हणजे हिराताई. मी स्वतः तिथे बसून अभ्यास केला, नोकरी लागली, आता हिंजवडीत कोड लिहितो आणि चारचौघांत इंग्रजी फाडतो. पण सुट्टीच्या दिवशी माझे पाय तिकडेच वळतात. घरी वायफाय आहे, एसी आहे, पण 'दार हळू लाव' म्हणणारं कुणी नाही.

ताईंचे वडील दशरथ वाघमारे खडकीच्या बाजूला कारखान्यात कामाला होते. त्यांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण सरकारी मराठीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. कारखान्याची सूचना असो, वस्तीतलं पत्रक असो की रेशनच्या दुकानाबाहेरचा कागद, घरी आले की म्हणायचे, "हिरा, वाच." ती वाचायची. वाचून झालं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "बरं, पण हे करायचं कशासाठी?" आणि "नाहीच जमलं तर?" बहुतेक कागदांकडे दोन्ही प्रश्नांची उत्तरं नसायची. तेव्हा दशरथराव कागदाची घडी करून चुलीमागे ठेवायचे आणि म्हणायचे, "मग हा कागद आपल्यासाठी नाही लिहिलेला."

हे ताईंनी मला सांगितलं ते अभिमानाने नाही, चिडून सांगितलं. "आपल्यासाठी नाही म्हणजे काय? आपणच वाचणार ना तो?" पुढे त्या ग्रंथालयशास्त्र शिकल्या, त्यांनी मंडळात नोकरी धरली. टायपिंगच्या क्लासला जाणारी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली, मग क्लासच मोबाईलमध्ये आले, हे सगळं त्यांनी त्याच खुर्चीत बसून पाहिलं. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याजवळ लाल पेन. मंडळाची कुठलीही सूचना त्या पेनाखालून गेल्याशिवाय भिंतीला लागायची नाही. ज्यांच्या सूचना असत त्यांना हे फारसं आवडायचं नाही.

त्यातले मुख्य म्हणजे सचिव सीताराम परचुरे. परचुरे सर वाईट माणूस नव्हेत, हे मी दात आवळून का होईना लिहितो. मंडळासाठी त्यांनी फुकट चपला झिजवल्यात. पण आपण लिहिलेलं सगळ्यांना कळतंच, आणि कळलं नाही तर तो वाचणाऱ्याचा दोष, असं मानणाऱ्यांपैकी ते एक.

कोरोना ओसरल्यानंतरच्या वर्षी एका कोचिंग क्लासने मंडळाला विचारलं की वरचा हॉल भाड्याने देता का. काचेच्या केबिन करणार, एसी लावणार. कार्यकारिणीत दोन मतं पडली. शेवटी ठरलं की मुलांनाच विचारावं, अभ्यासिका चालू ठेवायची की बंद करायची. ऑनलाइन फॉर्म करावा, पोस्टर लावावं, त्यावर क्यूआर कोड टाकावा. आणि ताईंना सरांनी बजावलं, "वाघमारे बाई, तुमची नोकरी यात गुंतलेली आहे. तेव्हा तुम्ही प्रचार करायचा नाही. मुलांशी या विषयावर बोलायचं नाही. पोस्टर लावायचं, एवढंच."

ताईंनी मान हलवली. शब्द दिला की दिला, असा त्यांचा हिशेब.

पोस्टर आलं. भगवी किनार, मंडळाचं बोधचिन्ह, आणि मधोमध मजकूर: "संस्थेच्या सर्वांगीण विकासासाठी आपला सहभाग अपेक्षित आहे." खाली क्यूआर कोड. त्याखाली ठळक अक्षरात, "स्कॅन करा." संपलं. सर्वांगीण विकास म्हणजे हॉल बंद करायचा की कसं, हे ज्याला त्या वाक्यातून कळेल त्याला मी माझा एक पगार देईन.

ताईंनी फोन केला. "सर, कशासाठी स्कॅन करायचं ते लिहिलेलंच नाही."

"अहो, शिकलेली मुलं आहेत. करतील स्कॅन, वाचतील."

"आणि ज्याला स्कॅन करता येणार नाही त्याने?"

"या काळात असा कोण आहे?" असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

सरांच्या सांगण्यावरून एक पोस्टर वर हॉलमध्ये लागलं आणि एक जिन्याशी, देणगीपेटीच्या बाजूला, कारण तिथे खिळा आधीच होता. आता गंमत बघा. आमच्या अभ्यासिकेचा नियम जुना आणि कडक आहे. वर जाताना मोबाईल दारातल्या कपाटात ठेवायचा, जाताना घ्यायचा. म्हणजे हॉलमधलं पोस्टर स्कॅन करायला हातात काही नाही. हे मंडळानेच केलेले दोन्ही नियम, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

दिवस गेले. एका शनिवारी मी खाली पेपर चाळत बसलो होतो तेव्हा परचुरे सर आले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्यात समाधानही होतं.

"बघा बाई," ते म्हणाले, "हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उत्तरं आली. मुलांनाच गरज उरलेली नाही. पुढच्या रविवारी बैठक आहे, ठराव करून टाकू. आदल्या संध्याकाळी मुदत संपेपर्यंत फॉर्म चालू राहील, पण आता कोण भरतंय."

ते गेल्यावर ताई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पाहवेना. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं खूप वेळा पाहिलं, हरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ज्या टेबलावर मी उपाशीपोटी बसून अभ्यास केला त्या टेबलाच्या जागी काचेची केबिन येणार होती.

तेवढ्यात रुपाली जिना उतरून आली. वाशिमकडची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. एका खोलीत पाच जणी राहतात आणि तिथे संध्याकाळी टीव्ही चालतो, म्हणून ती उघडल्यापासून बंद होईपर्यंत वर असते. कपाटातून मोबाईल काढत होती.

ताईंनी विचारलं, "रुपाली, ते पोस्टर वाचलंस?"

"वाचलं ना मॅडम."

"मग स्कॅन केलंस?"

रुपाली ओशाळली. "मॅडम, खरं सांगू का? या महिन्यात नाही जमणार. नोकरी लागली की पहिली देणगी अभ्यासिकेलाच देणार आहे मी. नक्की."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मीही पेपर खाली ठेवला.

"देणगी?" ताईंनी विचारलं.

"हो ना. पेटीच्या बाजूलाच कोड आहे, विकासासाठी सहभाग असं लिहिलंय. स्कॅन केलं की पैसेच जातात ना? चहावाल्याकडे, मेसमध्ये, सगळीकडे तेच. वरच्या मुलीपण म्हणत होत्या, आपण नंतर देऊ."

रुपाली गेली. हळूहळू ताईंच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला, आणि तो लाजेचा नव्हता.

"म्हणजे मुलांना नकोय असं नाहीच," त्या म्हणाल्या. "मुलांना विचारलेलंच नाही! आणि उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्या पायाखालची फरशी काढून घेणार. सुदर्शन, लॅपटॉप काढ."

"ताई, पण तुम्ही शब्द दिलाय."

"प्रचार करणार नाही असा दिलाय. मजकूर सुधारणार नाही असा नाही दिलेला. पोस्टर लावणं माझं काम आहे ना? मग वाचता येईल असं लावते."

मी उत्साहात वरती मोठ्या अक्षरात टाइप केलं, "अभ्यासिका वाचवा!!" ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी एकेक अक्षर स्वतःच खोडलं.

"हा प्रचार आहे. आणि उद्या सर म्हणतील, मुलांच्या तोंडी शब्द घातले. प्रश्न विचारायचाय, उत्तर सांगायचं नाहीये. ज्याला बंद करावीशी वाटते त्यालाही हे पोस्टर आपलं वाटलं पाहिजे."

मग त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. सगळ्यात वर, लांबून दिसेल असं: "वरची अभ्यासिका चालू ठेवायची की बंद करायची? तुमचं मत सांगा." त्याखाली: "येत्या रविवारच्या बैठकीत याच मतांवर निर्णय होईल. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळपर्यंत नोंदवा." मग कोड, आणि कोडच्या अगदी वर: "मत नोंदवण्यासाठी स्कॅन करा. हा देणगीचा कोड नाही, यात पैसे जात नाहीत." फॉर्म उघडून त्यांनी स्वतः भरून बघितला, काय काय विचारतोय ते. मग एक ओळ आणखी घातली: "नाव विचारलं जाईल, फोन नंबर नाही." फॉर्मला मात्र त्यांनी हात लावला नाही, तो मंडळाचा होता.

"आता नाहीच जमलं तर," त्या म्हणाल्या. मला दशरथराव आठवले.

कॅमेरा फुटलेला मोबाईल अर्ध्या मुलांकडे असतो. खाली ग्रंथालयात वापरायला एक जुना संगणक आहे, त्याला कॅमेराच नाही. हॉलमध्ये मोबाईलच नाही. तेव्हा कोडच्या खाली टाइप करता येईल असा पत्ता हवा. फॉर्मचा मूळ पत्ता तर दीड ओळीचा, त्यात अक्षरं आणि आकडे असे की माझ्यासारखा कोडवालाही दोनदा चुकेल. पत्ता छोटा करून देणाऱ्या एका साइटवर मी त्याची छोटी लिंक बनवली, शेवटी abhyasika एवढाच शब्द. कोड आणि लिंक, दोन्ही एकाच फॉर्मवर जात होते. ताईंनी ओळ लिहिली: "स्कॅन होत नसेल तर हा पत्ता वहीत लिहून घ्या आणि कुठल्याही मोबाईलवर किंवा खालच्या संगणकावर टाइप करा." आणि सगळ्यात शेवटी: "तेही जमलं नाही तर खाली काउंटरवर या. फॉर्म तुम्हीच भरायचा, संगणक आम्ही उघडून देऊ."

त्याच दुपारी आम्ही बुधवार पेठेत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गर्दीत, एका बोळात समाधानचं छपाईचं दुकान आहे. समाधानचा हात चांगला आहे, फक्त त्याला मोकळी जागा बघवत नाही. त्याने आमचा मजकूर घेतला, कोडभोवती चिकटून नक्षीची चौकट ओढली, आणि लिंक उठून दिसावी म्हणून ती सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत करून टाकली.

"ताई, झकास दिसतंय बघा. काढू का?"

"आधी साध्या कागदावर एक काढ," ताई म्हणाल्या.

कागद आला. ताईंनी तो दुकानाच्या भिंतीला चिकटवला, चार पावलं मागे गेल्या आणि आपल्या जुन्या मोबाईलवर पत्ता जसा दिसतोय तसा टाइप केला. स्क्रीनवर आलं, असं पान सापडत नाही. परत केला, परत तेच.

मग माझ्या लक्षात आलं. पत्त्याच्या पहिल्या भागात लहान-मोठ्या अक्षराने काही बिघडत नाही, पण तिरप्या रेघेनंतरचा शब्द अशा साइटवर जसा बनवला तसाच लागतो. मी लहान अक्षरांत बनवला होता, समाधानने मोठ्या अक्षरांत छापला होता. हे मला छापायच्या आधी सुचायला हवं होतं, पण मी फक्त माझ्या लॅपटॉपवर क्लिक करून खूश होतो.

"दिसायला काय करायचंय, उघडलं पाहिजे," ताई समाधानला म्हणाल्या. "लहान अक्षरं कर, एका ओळीत बसव, मध्ये तोडू नकोस. आणि बाजूला लिही, 'सगळी अक्षरं लहान'. आणि ती नक्षी काढ रे. कोडच्या चारी बाजूंनी पांढरं सोड, मोबाईलला कुठे सुरू होतो ते कळायला नको का?"

"ताई, पांढरं सोडलं की पोस्टर गरीब दिसतं हो."

"मग दिसू दे गरीब. आम्ही गरीबच आहोत."

दुसरा कागद निघाला. ताईंनी पत्ता टाइप केला, फॉर्म उघडला. मी लांबून स्कॅन केलं, तेही चाललं. मग बोळातून जाणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला थांबवून ताईंनी विचारलं, "बाळ, हे कशासाठी आहे?" ती कागद वाचून म्हणाली, "अभ्यासिका ठेवायची की नाही ते विचारतायत. पण मी तिथली नाही." ताईंनी समाधानला सांगितलं, "काढ आता."

जुनी पोस्टरं उतरली. नवी लागली दारातल्या मोबाईलच्या कपाटावर, जिथे येता-जाता प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतोच, आणि एक हॉलमध्ये, वहीत उतरवून घेणाऱ्यांसाठी. देणगीपेटीजवळचा खिळा रिकामा राहिला. ताई त्या आठवड्यात मुलांशी यावर एक शब्द बोलल्या नाहीत. गरजच पडली नाही. जिन्यावर, मेसमध्ये, चहाच्या टपरीवर मुलं तेच बोलत होती. खालच्या संगणकापुढे रांग लागायची. रुपालीने पोस्टर वाचलं तेव्हा मी तिथेच होतो. ती कपाटापाशी थबकली, मोबाईल हातात तसाच, आणि एकदम म्हणाली, "बंद? बंद करणार होते?" मग तिने तिथेच उभ्या उभ्या फॉर्म भरला.

बुधवारी परचुरे सर आले. पोस्टर पाहिलं आणि भडकले.

"वाघमारे बाई! मी तुम्हाला प्रचार करू नका म्हटलं होतं."

ताई उठून उभ्या राहिल्या. "सर, यात प्रचाराचा एक शब्द दाखवा. आत्ता खोडते."

सरांनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं, परत वाचलं. जिन्यात मुलं थांबली होती. 'चालू ठेवायची की बंद करायची' या ओळीवर त्यांचं बोट आलं आणि तिथेच राहिलं.

"पण परवानगी? मजकूर बदलायची परवानगी कोणी दिली?"

"मागितली असती तर दिली असती का?"

"नसती दिली."

"म्हणून नाही मागितली."

"काढा हे. ताबडतोब."

"काढते," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही सचिव आहात, तुमचं ऐकायला हवं. पण त्या जागी मी एक कागद लावणार. सचिवांच्या आदेशाने पोस्टर काढलं, आणि कशासाठी काढलं. ते कारण तेवढं तुम्ही मला सांगा, मी तुमच्याच शब्दांत लिहिते."

सरांनी परत पोस्टरकडे पाहिलं, मग जिन्यातल्या मुलांकडे. शेवटी सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि छत्री घेऊन निघून गेले. पोस्टर जागच्या जागी राहिलं.

रविवारी बैठकीत सरांनीच उत्तरं वाचून दाखवली, हे मला मान्य करायला हवं. पानंच्या पानं होती. कुणी लिहिलं होतं, माझ्या खोलीत दिवा एकच आहे. कुणी लिहिलं होतं, इथे बसून माझा दादा फौजदार झाला. एकाने 'बंद करा' असंही लिहिलं होतं, कारण डास फार आहेत. ताईंनी ते मतही मोजायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी खिडक्यांना जाळ्या मागितल्या. हॉल भाड्याने द्यायचा विषय कार्यकारिणीने गुंडाळून ठेवला. त्या संध्याकाळी ताईंनी पोस्टर उतरवलं, कारण मेलेला कोड भिंतीवर ठेवणं म्हणजे वाचणाऱ्याचा अपमान. त्या जागी खडूने लिहिलं, "मतनोंदणी संपली. अभ्यासिका चालू राहणार." रुपाली ते वाचून रडली आणि मग वर जाऊन अभ्यासाला बसली.

पण परचुरे सर हे परचुरे सर. आठवड्याभरात ताईंना मेमो आला. "आपण संस्थेच्या पोस्टरवरील मजकुरात विनापरवाना बदल केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी योग्य तो खुलासा सादर करावा." खाली सही आणि शिक्का.

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "ताई, फाडा तो." ताईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. 'सादर करावा'खाली रेघ मारून लिहिलं, "कोणाकडे? कधीपर्यंत? सचिव भेटले नाहीत तर कुठे?" मग पान उलटून मागे एकच ओळ लिहिली.

"खुलासा: कशासाठी ते तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून मी लिहिलं. पुन्हा नाही लिहिलंत, तर पुन्हा लिहीन."

खाली पूर्ण सही केली, हिरा दशरथ वाघमारे, आणि कागद माझ्या हातात दिला.

"जा, कार्यालयात सरांच्या हातात दे. हा त्यांच्या मेमोचा खुलासा आहे असं सांग. आणि सर नसतील तर टेबलावर ठेव, वर पेपरवेट ठेव. पंखा चालू असतो."